युद्ध की अहिंसा? निबंधाचा सांगाडाच चुकतो आपला

मी इथे नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींचे निबंध तपासतो, आणि युद्ध-हिंसा-अहिंसा असा विषय आला की उत्तर उघडायच्या आधीच आत काय असणार ते मला सांगता येतं. पहिल्या परिच्छेदात युक्रेन नाहीतर गाझा. मग "पाश्चात्य विचार" असं उपशीर्षक, त्याखाली ऑगस्टीन, अक्वायनस हे ख्रिस्ती धर्मचिंतक आणि न्याय्य युद्धाच्या अटींची यादी. पान उलटलं की "भारतीय विचार", त्यात महावीर, बुद्ध, गांधी, आणि मध्येच कुठेतरी कुरुक्षेत्र. शेवटी "दोन्हींचा सुवर्णमध्य साधणे ही काळाची गरज आहे", की झाला निबंध. मार्क पडतात, नाही असं नाही. पण याला तुलना कोण म्हणेल राजेहो, ही तर दोन वेगळी टिपणं आहेत, एकाला एक स्टेपल केलेली.

माझं म्हणणं असं आहे की ही पूर्व-पश्चिम विभागणी नुसती कंटाळवाणी नाही, ती चूक आहे. ती केली की जो खरा फरक आहे तो दिसतच नाही आणि जो फरक नाहीच आहे त्याच्यावर दोन पानं खर्च होतात.

आधी जो फरक नाही तो बघू. मुलं गृहीत धरतात की न्याय्य युद्धवाले म्हणजे अटी पाळून मारायला परवानगी देणारे, आणि अहिंसावाले म्हणजे काहीही झालं तरी मारायचं नाही म्हणणारे. अक्वायनसनं तेराव्या शतकात हा विषय घेतला तेव्हा त्याचा प्रश्न काय होता, तर युद्ध करणं हे नेहमीच पाप असतं का? म्हणजे संशय युद्धावरच आहे, सिद्ध करायची जबाबदारी लढणाऱ्यावर आहे. मग तो तीन अटी सांगतो. युद्ध पुकारणाऱ्याला तसा अधिकार हवा, कोणीही उठून सुरू करायचं नाही. कारण न्याय्य हवं, म्हणजे समोरच्यानं खरंच काही गुन्हा केलेला हवा. आणि हेतू सरळ हवा, सूड किंवा हाव नको. शेवटचा उपाय, प्रमाणात बळ, यश मिळायची शक्यता या ज्या बाकीच्या अटी मुलं त्याच्याच नावावर लिहून मोकळी होतात, त्या युद्धाच्या अटी म्हणून परंपरेत पुढे पक्क्या झाल्या, त्याच्या त्या यादीत तीनच आहेत. आणि लगेच पुढचा प्रश्न तो घेतो की धर्मगुरूंनी लढावं का, तर नाही, त्यांनी लढायचं नाही.

आता जैन परंपरेकडे या. तिथे मुनीचं महाव्रत आणि गृहस्थाचं अणुव्रत वेगळं. मुनीनं कुठलीच हिंसा करायची नाही. गृहस्थाच्या बाबतीत हिंसेचे चार प्रकार सांगतात: जाणूनबुजून ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात स्वयंपाकात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, आणि हल्ला झाल्यावर स्वतःच्या किंवा इतरांच्या बचावासाठी करावी लागते ती विरोधी. गृहस्थाला पूर्ण बंदी आहे ती संकल्पीची. बाकी तीन त्यानं कमीत कमी ठेवायच्या, पण त्या त्याच्या वाट्याला येणारच हे मान्य आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी "श्रीचावुंडराजें करवियलें" असं कोरलंय, ते आपण शाळेत मराठीतला जुना शिलालेख म्हणून पाठ केलं. तो चावुंडराय गंगांचा सेनापती होता, कित्येक लढाया मारलेला, आणि श्रद्धावान जैनही. त्याच्या काळच्या लोकांना यात काही विसंगती वाटली असं दिसत नाही.

म्हणजे दोन्हीकडे काय आहे? धर्माला वाहिलेल्या माणसानं लढायचं नाही, जबाबदारी असलेल्यानं लढलं तर चालतं, पण आधी हल्ला झालेला हवा आणि मनात द्वेष नको. हे मांडलं की "पश्चिमेला परवानगी, पूर्वेला बंदी" हा अख्खा सांगाडा कोसळतो. गांधींनाही बंदीवाल्या रकान्यात टाकता येत नाही. ११ ऑगस्ट १९२० च्या 'यंग इंडिया'त त्यांनी स्पष्ट लिहिलंय की भ्याडपणा आणि हिंसा या दोनच गोष्टींतून निवडायचं असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन. हे वाक्य मुलांना माहीत असतं, पण ते "गांधीसुद्धा व्यावहारिक होते" एवढं दाखवायला वापरतात आणि पुढे जातात. त्याच्यातून प्रश्न काय उभा राहतो तिकडे कोणी बघत नाही.

(एक जाता जाता. "अहिंसा परमो धर्मः, धर्म हिंसा तथैव च" हे महाभारतातलं म्हणून कृपा करून लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा दुसरा अर्धा भाग महाभारतात नाही. अनुशासनपर्वात "अहिंसा परमो धर्मः" नंतर अहिंसाच परम दम, परम दान, परम तप अशी ओळ जाते. महाभारतात युद्धाच्या बाजूनं बोलणारी जागा हवी असेल तर गीतेचा दुसरा अध्याय आहे की, खोटं कशाला जोडायचं.)

मग खरा फरक कुठे आहे? मला वाटतं तो एका प्रश्नात आहे आणि निबंध त्याच प्रश्नाच्या कण्यावर उभा करावा. समजा सगळ्या अटी पूर्ण झाल्या, लढणं योग्यच होतं, दुसरा मार्ग नव्हता. त्यानंतर ज्यानं मारलं त्याच्यावर काही उरतं का? की योग्य होतं म्हणजे हिशेब संपला?

इथे उत्तरं फुटतात, आणि मजा म्हणजे पूर्व-पश्चिम अशी फुटत नाहीत. अक्वायनसच्या मते न्याय्य युद्धात, योग्य अधिकाराखाली, सरळ हेतूनं लढणाऱ्या सैनिकाला पाप लागत नाही. पण त्याच चर्चच्या इतिहासात दोनेक शतकं मागे जा. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली, नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, पोपचा त्याला पाठिंबा होता, म्हणजे तेव्हाच्या मापानं युद्ध पुरतं न्याय्य. तरी थोड्याच वर्षांत नॉर्मन बिशपांनी पोपच्या प्रतिनिधीच्या संमतीनं जिंकलेल्या सैनिकांसाठी प्रायश्चित्त ठरवलं: त्या मोठ्या लढाईत ज्यानं माणूस मारला त्यानं मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, ज्यानं जखमी केलं पण तो मेला का ते माहीत नाही त्यानं प्रत्येकामागे चाळीस दिवस. किती मारले तेच माहीत नसेल तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस. युद्ध बरोबर होतं हे कोणी नाकारत नव्हतं आणि तरी मारणाऱ्यानं ते धुवायचं होतं.

आता शांतिपर्वाची सुरुवात आठवा. युधिष्ठिर जिंकलाय, त्याची बाजू न्यायाची आहे असं सगळे सांगताहेत, भाऊ, द्रौपदी, व्यास, आणि तो म्हणतो मला राज्य नको, मी वनात जातो. त्याला समजावतात तेव्हा "तुझ्यावर काही नाहीच" एवढ्यावर भागत नाही, व्यास त्याला पापातून मोकळं व्हायला अश्वमेध करायला सांगतात. हे आणि हेस्टिंग्जचे बिशप एका बाजूला बसतात. विरोधी हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही पण ती हिंसाच राहते म्हणणारे जैन आचार्यही तिथेच. गांधींचं एक उदाहरण इथे फार कामाचं आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य वेदनेत तडफडत होतं, त्यांनी डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन त्याला मारवलं, देशभरातून शिव्या खाल्ल्या. त्यांचं म्हणणं होतं ही अहिंसाच, कारण ती वासरासाठी होती. पण त्याच वेळी आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्न होता, आणि त्यावर ते म्हणाले की त्यांना मारावं लागलं तरी ती हिंसाच असेल, कारण ते आपल्या फायद्यासाठी असेल. नाइलाजानं करावं लागलं म्हणून तिचं नाव बदलत नाही.

आणि अक्वायनसच्या शेजारी कोण बसतं? आपल्याच नागपूरचा संदर्भ असलेला माणूस. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे दीक्षा घेतली तिथून माझं घर लांब नाही, आणि इथल्या मुलांच्या उत्तरांत त्यांचा अहिंसेवरचा विचार क्वचितच असतो याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ते तत्त्व आणि नियम असा फरक करतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायची मोकळीक देतं. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, आणि त्याचा गाभा म्हणजे मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यातला फरक. निव्वळ इच्छेनं मारणं निषिद्ध. दुसरीकडे, बुद्ध आणि मार्क्सवरच्या त्यांच्या लेखनात सीह सेनापतीशी झालेला संवाद येतो, त्याचा आशय असा की न्यायासाठी आणि सुरक्षेसाठी लढणाऱ्यावर हिंसेचा दोष ठेवता येत नाही, शांततेचे सगळे मार्ग संपले असतील तर हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर जाते. बघा, शेवटचा उपाय, न्याय्य कारण, हेतू, सगळं आहे, आणि वर दोष हस्तांतरित होतो. बचाव करणाऱ्याच्या हातावर काही उरत नाही.

इथे एक काळजी घ्या. पाली त्रिपिटकातल्या सीह सुत्तात युद्धाची ही चर्चा नाही, तिथे दान, मांसाहार वगैरे विषय आहेत. आणि संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या गावप्रमुखाला बुद्ध सांगतात की रणात मरणारा स्वर्गात जातो ही समजूत चूक आहे, कारण मारताना त्याचं मन आधीच "हे मरोत" अशा हीन अवस्थेत असतं. तेही दोनदा नकार देऊन, तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात. म्हणून निबंधात "बुद्ध म्हणाले" असं सरसकट लिहिण्यापेक्षा "आंबेडकरांनी मांडलेले बुद्ध" लिहा. त्यानं बाबासाहेबांचं म्हणणं कमी होत नाही, ते त्यांचं स्वतंत्र नैतिक मत म्हणून जास्त ठळक होतं.

आता हे सगळं एका केसवर लावल्याशिवाय हवेत राहतं. मी १९७१ घ्यायला सांगतो, कारण त्यात अहिंसा आणि युद्ध दोन्ही पाठोपाठ आहेत. १ मार्चला याह्याखाननं नॅशनल असेंब्लीची बैठक पुढे ढकलली आणि पूर्व पाकिस्तानात असहकार सुरू झाला. ऑफिसं, कोर्टं, बँका निवडणूक जिंकलेल्या शेख मुजीबच्या सूचनेप्रमाणे चालायला लागल्या. टिक्काखानला गव्हर्नर म्हणून पाठवलं तर ढाका हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांनी त्याला शपथ द्यायलाच नकार दिला. पंचवीस दिवस बंगाल्यांच्या सहकार्याशिवाय सरकार चालत नाही हे दिसलं, म्हणजे पाठ्यपुस्तकात छापावी अशी अहिंसा. दंगे, बिहारींवर हल्ले झालेच, ते लपवू नका, पण मुख्य हत्यार असहकार होतं. मग २५ मार्चच्या रात्री लष्करानं गोळीबार सुरू केला, आणि परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून लगेच देशाबाहेर काढलं.

ती पत्रकारांची गोष्ट मुलं सोडून देतात, आणि माझ्या मते तिथेच सगळं आहे. १९२३ चा आपला झेंडा सत्याग्रह घ्या. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी, लोक रोज तुकडीनं जात होते, रोज अटक होत होती, जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई आले, आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्यानं गेली. तो चालला कारण समोरचं सरकार अटक करून खटला चालवणारं होतं, तुरुंग भरत होते, देशभर बातम्या जात होत्या, दुसऱ्या प्रांतातून माणसं येत होती. ढाक्यात समोरच्यानं ठरवलं की मला या लोकांचं सहकार्य नकोच आणि बघणारा कोणी नको. म्हणजे अहिंसेलाही "यशाची शक्यता" ही अट लागू होते, ती फक्त युद्धाची अट नाही. निबंधात ती अट दोन्हीवर लावून दाखवली की तुलना म्हणजे काय ते परीक्षकाला पहिल्यांदा दिसतं.

पुढे युद्ध. भारताच्या मोजणीप्रमाणे सुमारे एक कोटी निर्वासित. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले म्हणून कारण न्याय्य, हे सोपं उत्तर. पण त्याआधी महिनोन् महिने आपण मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण देत होतो आणि नोव्हेंबरात आपलं सैन्य सीमेपलीकडे लढत होतं, ते लिहायचं की नाही? लिहायचं. कारण मग "स्वसंरक्षण" पुरत नाही, "दुसऱ्या लोकांना कत्तलीतून वाचवणं" हे कारण स्वतःच्या पायावर उभं करावं लागतं, आणि ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १०४ विरुद्ध ११ अशा मतांनी युद्धबंदीचा ठराव आपल्या मनाविरुद्ध झाला, म्हणजे जगाला ते पटलं नव्हतं. हेतू? मिश्र. पाकिस्तान तुटणं आपल्या सोयीचं होतं. पण १६ डिसेंबरला शरणागती आणि मार्च १९७२ मध्ये सैन्य परत, देश बळकावला नाही. मिश्र हेतू तपासायची कसोटी हीच, काम झाल्यावर तुम्ही निघता की नाही. आणि हे पण बघा, जयप्रकाश नारायण, म्हणजे सर्वोदयातलं मोठं नाव, त्या वर्षी देशोदेशी फिरून बांगलादेशासाठी बोलत होते, त्याला मान्यता द्या असं आपल्या सरकारला सांगत होते. गांधींच्या वाटेवरचा माणूस इथपर्यंत येऊ शकतो.

मग कण्याचा प्रश्न. लढणं योग्य होतं असं धरलं, तर उरलं काय? अक्वायनस आणि आंबेडकर म्हणतील ज्यानं २५ मार्च घडवला त्याच्या माथ्यावर सगळं. युधिष्ठिर आणि ते बिशप विचारतील की त्या तेरा दिवसांत जे पाकिस्तानी शिपाई मेले, ज्यातल्या कित्येकांनी ढाका बघितलंही नसेल, त्यांचं काय?

सांगाड्याचं गणित यूपीएससीच्या हिशेबानं, हजार ते बाराशे शब्द: केसनं सुरुवात आणि तिला अडीचशे द्या. दोन्ही परंपरांमधलं साम्य दोनशेत उरका, तिथे रमू नका. साडेतीनशे-चारशे त्या एका प्रश्नाला, विचारवंत देशाप्रमाणे नाही तर उत्तराप्रमाणे एकत्र बसवून. उरलेले तुमचं मत आणि त्यावरचा सगळ्यात कडक आक्षेप यांना. अटींची यादी वेगळी लिहायचीच नाही, केस सांगतानाच त्या येऊन जातात. एवढं करून बघायचं असेल तर एक सोपी तपासणी आहे: तुमच्या निबंधातला गांधींचा परिच्छेद उचलून अक्वायनसच्या आधी टाकला आणि काहीच बिघडलं नाही, तर ती तुलना नव्हती.

माझं स्वतःचं मत युधिष्ठिराच्या बाजूनं आहे. उरतं, असं मला वाटतं. जी बाजू "आमच्यावर काही नाही" म्हणते ती पुढच्या वेळी अटी सैल करते, म्हणून प्रायश्चित्त हा अटी घट्ट ठेवायचा उपाय आहे. पण याच्यावरचा कडक आक्षेप आंबेडकरांच्याच बाजूनं येतो आणि मला तो अजून पूर्ण परतवता आलेला नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या मारलं गेलं त्यांनी एकदा हात उचलला तर त्यांच्याही हातावर डाग आहे असं सांगायचं, हे कोणाच्या सोयीचं? हेस्टिंग्जचं प्रायश्चित्त जिंकलेल्यांसाठी होतं, युधिष्ठिर राजा होता. डाग मोजायची चैन बलवानाला परवडते. मी सध्या एवढंच म्हणू शकतो की प्रायश्चित्ताचा प्रश्न राज्याला विचारावा, सैन्य आणि सत्ता असलेल्याला, आणि गावकुसाबाहेर स्वतःला वाचवणाऱ्या माणसाला तो त्याच आवाजात विचारू नये. हे तत्त्व म्हणून टिकतं का, की मी सोयीनं रेघ ओढतोय, यावर माझं आणि माझ्या एका सहकाऱ्याचं चहाच्या टपरीवर अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो नियम सगळ्यांना एकच हवा. मुलांना मी सांगतो, हा आक्षेप निबंधात तुमच्या मताच्या आधी लिहा. नंतर लिहिला तर तो शेपटासारखा लोंबतो, आणि आधी लिहिला तर तुम्हाला त्याला उत्तर देऊनच पुढे जावं लागतं.